जर्मनीची 44,000 युरोंची ऑफर : पगार आणि तारीख वाढवून मागावी का?

मैत्रेयी (पुणे), डिसेंबर 2025 : मी सहा वर्षे मेकॅनिकल डिझाइनमध्ये आहे. स्टुटगार्टजवळच्या एका छोट्या कंपनीने वार्षिक 44,000 युरो आणि कामगिरीनुसार 5,000 बोनस देऊ केला आहे. जर्मनीतला अनुभव नसल्याने यापेक्षा जास्त देता येणार नाही, असे ते म्हणतात. रुजू होण्याची तारीख 1 मार्च आहे आणि माझा नोटीस पिरियड तीन महिन्यांचा. व्हिसाचा अर्ज जानेवारीत जाईल. घासाघीस करावी का?

अनिरुद्ध : अजिबात करू नका. आधी तिथे पाय रोवा, सहा महिन्यांनी दुसरी नोकरी शोधा.

सुनीता : 44,000 म्हणजे रुपयांत केवढी मोठी रक्कम! माझ्या भाच्याने तर विचार न करता सही केली.

वैदेही (स्टुटगार्ट) : सुनीताताई, रक्कम रुपयांत मोजून उपयोग नाही, अविवाहित व्यक्तीच्या हातात कर आणि विमा जाऊन महिन्याला साधारण 2,400 युरो येतात आणि त्यातूनच इथले घरभाडे द्यायचे असते. अनिरुद्ध, ब्लू कार्ड या उच्चशिक्षितांच्या कामाच्या परवान्यावर पहिले 12 महिने नोकरी बदलताना परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावे लागते आणि ते बदल रोखू शकते, म्हणून सुरुवातीचाच आकडा महत्त्वाचा आहे.

मैत्रेयी, खरी अडचण वेगळीच आहे. इंजिनिअरांसाठीची ब्लू कार्डची किमान मर्यादा 2025 मध्ये 43,759.80 युरो आहे, ती जानेवारीपासून 45,934.20 होते, आणि हमी नसलेला बोनस त्यात धरत नाहीत. म्हणजे याच करारावर जानेवारीत केलेला अर्ज नाकारला जाईल. बोनस निश्चित पगारात मिळवून 49,000 करा, असे आज लिहा. ही मागणी हावरेपणाची नाही, कंपनीला तुम्ही हव्या असतील तर तिलाही हेच करावे लागेल. मी तर आधी 50,700 मागेन, कारण त्या आकड्याला तिथल्या सरकारी रोजगार संस्थेची संमती लागत नाही आणि एक टप्पा वाचतो. त्याखाली मात्र ती संस्था स्थानिक लोकांच्या पगाराशी तुलना करते, त्यामुळे ‘इथला अनुभव नाही’ म्हणून मनाला येईल तेवढा पगार कापता येत नाही.

अनिरुद्ध : बारा महिन्यांचा मुद्दा मला माहीत नव्हता. तरी छोटी कंपनी 50,700 ऐकून माघार घेईल, ही भीती मला खरी वाटते.

प्रसाद (नाशिक) : तारखेबद्दल माझे ऐका. मी करारावर सही होताच राजीनामा दिला, व्हिसा लांबला आणि चार महिने घरी बसलो. पासपोर्टवर व्हिसा लागेपर्यंत राजीनामा देऊ नका. करारात ‘व्हिसा मिळाल्यानंतर तीन महिन्यांनी रुजू’ असे लिहून घ्या.

वैदेही : बरोबर, पण तसे केल्यास रुजू व्हायला जून उजाडेल. कंपनीला घाई असेल तर तिने तिकडून जलद प्रक्रियेचा अर्ज करावा, त्याचे शुल्क 411 युरो आहे. तुम्ही नोटीसचे किती दिवस पैसे भरून कमी करता येतील, हे एचआरला विचारा.

मैत्रेयी : माझ्या करारात पैसे भरून सुटण्याची सोय कंपनीच्या मर्जीवर आहे. 50,700 ची मागणी आणि व्हिसानंतरची तारीख एकाच मेलमध्ये पाठवते.

अनिरुद्ध : दोन्ही एकदम नको, आधी पगाराचे उत्तर येऊ द्या.

प्रसाद : उलट, तारीख मागे ठेवलीत तर ते मार्चच गृहीत धरतील.