कॅबच्या मेलमध्ये अंदाजे खर्च कसा काढायचा?

«‘सर, मंगळवारी नाशिकला जायचंय, कॅब सांगू का?’ याचा मंजुरीचा मेल कसा करू? खर्च किती लिहू?»

खर्च आधी काढा, मेल त्यावरच अडतो. पुणे-नाशिक जाऊन-येऊन साधारण ४२० किमी. पण मुक्काम असेल तर बाहेरगावच्या गाडीला बहुतेक ठिकाणी दिवसाला किमान ३०० किमी लावतात, म्हणजे दोन दिवसांचे ६०० किमी. दर १४ रुपये धरला तर ८,४००, चालकभत्ता ६००. टोल, पार्किंग, जीएसटी धरून १०,५०० पर्यंत. ४२० किमीवर हिशेब मांडला की बिल जास्त येतं आणि अकाउंट्स फरकाचं कारण विचारतात. किमान किमी आणि दर गाडीवाल्याकडून आधीच लेखी घ्या.

मग असं लिहा:

«विषय: पुणे-नाशिक प्रवास, १४ व १५ जुलै – मंजुरीबाबत

महोदय,
नाशिकच्या ग्राहकाकडे यंत्राच्या चाचणीसाठी दोघांना जायचे आहे. मंगळवारी सकाळी ६ ला निघून बुधवारी रात्री परत. टोल, पार्किंग, जीएसटी धरून कॅबचा अंदाजे खर्च रु. १०,५०० (कोटेशन सोबत); यातील टोल-पार्किंग पावतीप्रमाणे. शुक्रवारपर्यंत मंजुरी द्यावी, ही विनंती.»

‘कामानिमित्त’ एवढंच लिहू नका. मंजुरी देणाऱ्याला तेवढ्यावर सही करता येत नाही.