मदत हवी आहे: डिस्प्ले बदलण्याआधी पार्टनिहाय एस्टिमेट मागायचं पत्र

शाहूपुरीकर:
सर्व्हिस सेंटरला आजच पत्र द्यायचंय. मोबाईलचा डिस्प्ले फुटलाय. काउंटरवर तोंडी 15,800 सांगितले आणि 'हो म्हणा, काम चालू करतो' म्हणून मागे लागलेत. कशाचे किती विचारलं तर 'सगळं धरून' एवढंच उत्तर. आधी लेखी एस्टिमेट द्या, मग हो-नाही सांगतो, असा मजकूर हवाय. कुणाकडे तयार असेल तर टाका.

तारा:
फोन तुमच्याकडेच आहे की जमा केलाय? जॉबशीट मिळालं का, त्यावर काय लिहिलंय? टच चालतो का? स्क्रीनवर रेषा किंवा काळा डाग? विमा आहे का? यावर पत्रातला मजकूर बदलतो, म्हणून विचारतेय.

पन्हाळा_रोड:
भावा, सेंटरच्या नादाला कशाला लागतोयस? नुसती वरची काच बदलून घे. राजारामपुरीत मशीनवर काच काढून नवी बसवून देतात, खर्च निम्म्यानं कमी. पंधरा हजार म्हणजे लई झालं.

शाहूपुरीकर:
काच बदलू का, असं मी विचारलेलं नाही. पत्र हवंय.
ताराताई, फोन काल जमा केला. जॉबशीटवर 'डिस्प्ले ब्रोकन' एवढंच आहे. टच चालतो. उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ आहे. विमा नाही. वॉरंटी आहे, पण फुटलेलं त्यात बसत नाही असं म्हणाले.

तारा:
वॉरंटीबद्दल ते बरोबर बोलले, पडून फुटलेलं वॉरंटीत धरत नाहीत. पण हिरवी रेघ आहे म्हणजे काचेखालचं पॅनेलच गेलंय. तिथं नुसती काच बदलून रेघ जाणार नाही. पन्हाळा_रोड, तुमचा उपाय पॅनेल शाबूत असेल तरच चालतो. शिवाय बाहेर फोन उघडला की बाकी वॉरंटीवरून सेंटर वाद घालतं.

पन्हाळा_रोड:
रेघ असेल तर काच नको, हे मान्य. पण ती रेघ त्यानं आधी सांगायला हवी होती की.

गडहिंग्लजकर:
जीएसटी नीट बघा. पार्टच्या किमतीत कर आधीच धरलेला असतो, तो फक्त मजुरीवर लागतो. सेंटरवाले दोन्हीवर लावून फसवतात.

तारा:
हे अर्धंच खरं आहे. 18 टक्के पार्टवरही लागतो आणि मजुरीवरही. गोंधळ होतो कारण कंपनीच्या साइटवर बऱ्याचदा करासह किंमत दाखवतात. त्याच आकड्यावर बिलात पुन्हा 18 टक्के लावले तर मात्र दुप्पट कर झाला. म्हणून पत्रात 'करापूर्वीची किंमत आणि कर वेगळा दाखवा' असं लिहायचं.

त्याहून मोठा मुद्दा डिस्प्लेच्या पार्टचा आहे. काही मॉडेलचा ओरिजिनल डिस्प्ले नुसता येतो, काहींचा फ्रेमला चिकटवलेला, तर काहींचा फ्रेम आणि बॅटरीसकट एकच पार्ट म्हणून येतो. बॅटरीसकट आला असेल आणि एस्टिमेटमध्ये बॅटरी वेगळी लावली, तर एकाच वस्तूचे दोनदा पैसे. 'सगळं धरून' या शब्दांत हे कळतच नाही. पार्ट कोड आणि पार्टचं पूर्ण वर्णन मागितलं की लगेच दिसतं.

मजकूर:

प्रति, व्यवस्थापक, सर्व्हिस सेंटर, कोल्हापूर
विषय: दुरुस्तीपूर्वी लेखी पार्टनिहाय अंदाजपत्रक मिळणेबाबत
जॉबशीट क्र. …, मॉडेल …, आयएमईआय …

महोदय,
वरील मोबाईल डिस्प्ले फुटल्यामुळे आपल्याकडे जमा केला आहे. मला तोंडी रु. 15,800 खर्च सांगण्यात आला. या खर्चास मी अद्याप संमती दिलेली नाही. कृपया पुढील तपशील लेखी द्यावा.
प्रत्येक पार्टचा कोड, पूर्ण वर्णन व करापूर्वीची किंमत. डिस्प्लेसोबत फ्रेम व बॅटरी येते की नाही, हे स्पष्ट लिहावे. मजुरी आणि जीएसटी वेगळे दाखवावेत.
बसवलेल्या पार्टची वॉरंटी किती दिवस, आणि काम नाकारल्यास तपासणीचे शुल्क किती, हे कळवावे.
फोन उघडल्यावर आणखी काही खराब आढळल्यास काम थांबवून फोटोसह सुधारित अंदाजपत्रक द्यावे. माझ्या लेखी संमतीशिवाय कोणतेही काम करू नये व फोनमधील डेटा पुसू नये.
आपला, …

दोन प्रती न्या. एकीवर शिक्का आणि तारीख घेऊन ती जवळ ठेवा. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर तिथंच उभं राहून हाच मजकूर कंपनीच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर पाठवा, विषयात जॉबशीट नंबर टाकून.

रंकाळा_वॉक:
माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनचं बिजागर सैल झालंय, झाकण आपोआप मिटतं. त्यालाही हेच पत्र चालेल का?

तारा:
चालेल, फक्त आयएमईआयच्या जागी सिरीयल नंबर लिहा. पण बिजागराचं नुसतं स्क्रू घट्ट करून भागतं का, ते आधी विचारा.

गडहिंग्लजकर:
पत्रात 'जुना डिस्प्ले परत द्यावा' हेही घाला. पैसे आपण दिले, पार्ट आपला.

पन्हाळा_रोड:
नाही देत. बऱ्याच ठिकाणी जुना पार्ट परत घेऊनच नव्याची किंमत ठरलेली असते.

गडहिंग्लजकर:
मग तसं लेखी द्यायला काय जातंय त्यांचं? न मागताच सोडून द्यायचं का?

तारा:
मागायला हरकत नाही. पण जुना परत घेतला तर नव्याची किंमत बदलते का, तेही त्याच ओळीत विचारा.
शाहूपुरीकर, आणखी एक. जॉबशीटवर फ्रेम वाकलेली नाही, मागची काच शाबूत आहे, हे आज पत्र देताना लिहून घ्या. 'डिस्प्ले ब्रोकन' एवढ्यावर सोडलं तर उद्या 'फ्रेमही वाकलीय' म्हणाले की तुमच्याकडे दाखवायला काही नाही.

शाहूपुरीकर:
पत्र दिलं. शिक्का मिळाला, जॉबशीटवर नोंदही करून घेतली. संध्याकाळी एस्टिमेट ईमेलवर आलं:
डिस्प्ले असेंब्ली 11,200
बॅटरी 1,350
चिकटपट्टी किट 240
मजुरी 600
बेरीज 13,390, जीएसटी 2,410, एकूण 15,800
पार्टची वॉरंटी 90 दिवस. काम नाकारलं तर तपासणीचे 200. कंपनीच्या साइटवर याच डिस्प्लेची किंमत करासह 13,216 दिसते.

तारा:
11,200 वर 18 टक्के लावले की 13,216 होतात. म्हणजे कर दुप्पट लावलेला नाही, तो मुद्दा मिटला. चिकटपट्टी रास्त आहे. मागचं झाकण उघडलं की जुनी पट्टी पुन्हा धरत नाही, आणि तशीच बसवली तर पाणी-धूळ आत जाते.
आता बॅटरी. डिस्प्लेच्या वर्णनात नेमकं काय लिहिलंय? शब्द न् शब्द टाका.

शाहूपुरीकर:
कोडपुढे 'डिस्प्ले असेंब्ली विथ फ्रेम अँड बॅटरी' असं आहे.

तारा:
मग खालची बॅटरीची ओळ कशासाठी, हे त्याच ईमेलला उत्तर देऊन विचारा. ती काढली तर बेरीज 12,040 आणि करासह 14,207 होते, म्हणजे 1,593 कमी. वेगळी बॅटरी खरंच लागत असेल तर कारण लेखी येऊ दे. फोनवर 'हो' म्हणू नका.

पन्हाळा_रोड:
आणि नाहीच ऐकलं तर 1915 ला फोन लाव, ग्राहक हेल्पलाइन. शिक्क्याची प्रत आणि ईमेल दोन्ही हाताशी ठेव, तक्रारीला जोडायला लागतील.

शाहूपुरीकर:
ईमेल केला. काउंटरवरून फोन आला, 'सिस्टीममध्ये आपोआप लागलंय, तपासून सांगतो' म्हणाले. लेखी द्या म्हटलं. जुन्या डिस्प्लेबद्दल मात्र काहीच उत्तर नाही.

गडहिंग्लजकर:
बघा, मी म्हणत होतो. तो मुद्दा सोडू नका.