मदत हवी आहे: माझ्या तपासणीच्या यादीतून प्रत्येक गुंतवणूक पास होते, यादीत काय बदलावे?

संथवाचक

नमस्कार. पुढे ढकललेल्या संदेशांवरून किंवा नातेवाइकांच्या सांगण्यावरून पैसे गुंतवायचे नाहीत असे ठरवून मी स्वतःपुरती प्रश्नांची एक यादी केली आहे. कंपनीचा धंदा मला समजतो का, नफा वाढतो आहे का, त्याच क्षेत्रातील इतर कंपन्यांच्या तुलनेत पीई कमी आहे का, लाभांश नियमित मिळतो का आणि व्यवस्थापन चांगले आहे का, असे ते प्रश्न आहेत. अडचण अशी की, या यादीतून आजवर एकही कल्पना नापास झालेली नाही. जी चाळणी काहीच अडवत नाही तिचा उपयोग काय, हा प्रश्न मला पडला आहे.

ताजे उदाहरण देतो. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीबद्दल आतेभावाने संदेश पाठवला आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला त्या शेअरवर मत नको आहे, यादीवर हवे आहे. नफा लागोपाठच्या तीन वर्षांत 40, 52 आणि 68 कोटी आहे, लाभांशापोटी दरवर्षी 20 कोटी वाटले गेले आहेत आणि पीई 8 आहे. वार्षिक अहवाल उतरवून हे आकडे मी पडताळले, ते खरे आहेत. माझ्या यादीनुसार ही कंपनी उत्तम ठरते. यादीतले कोणते प्रश्न काढावेत आणि कोणते घालावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

एकमार्ग

माझ्या मते यादीचा खटाटोपच अनावश्यक आहे. एकेक कंपनी तपासण्यापेक्षा बाजाराच्या निर्देशांकाचा कमी खर्चाचा फंड घ्यावा आणि वर्षानुवर्षे त्यात भर घालत राहावे. तरीही शेअरच घ्यायचा असेल तर ही कंपनी ठीक वाटते. पीई 8 म्हणजे आधीच स्वस्त आहे, त्यामुळे भाव आणखी फारसा पडणार नाही.

ताळेबंद

फंडाबद्दल एकमार्ग यांचे म्हणणे बहुतेकांसाठी योग्य आहे, आणि यादीतला पहिला प्रश्न खरे तर तोच असायला हवा: हाच पैसा निर्देशांकाच्या फंडात न घालता इथे घालण्याचे माझ्याकडे नेमके कोणते कारण आहे? पण पीईबद्दलच्या विधानाशी मी सहमत नाही. पीई काढताना भावाला ज्या नफ्याने भागतो, तो नफाच खरा आहे की नाही, हे पीई कधीच सांगत नाही.

संथवाचक, तुमच्या यादीतले प्रश्न वाईट नाहीत, परंतु त्यातल्या बहुतेकांची उत्तरे सल्ला देणाऱ्यानेच तुमच्या हातात ठेवलेली असतात. नफा वाढतो आहे, पीई कमी आहे, लाभांश मिळतो, हे सगळे सांगण्यासाठीच तो संदेश लिहिला गेला. संदेशातलेच दावे तुम्ही प्रश्नांच्या रूपात पुन्हा विचारता, म्हणून प्रत्येक कल्पना पास होते. उपयोगी प्रश्नाला माझ्या मते तीन गोष्टी लागतात. उत्तर कोणत्या कागदावर सापडेल हे आधी लिहिलेले असावे, किती उत्तर आले म्हणजे नापास हे आकडा पाहण्यापूर्वी ठरलेले असावे, आणि संदेश लिहिणाऱ्याला जे सांगावेसे वाटणार नाही त्याबद्दल तो प्रश्न असावा.

असा एकच प्रश्न तुमच्या कंपनीवर लावून पाहू. नफ्यातला किती भाग रोखीच्या रूपाने प्रत्यक्ष आला? त्याच अहवालात रोख प्रवाहाचे पत्रक असेल. त्यातला धंद्यातून आलेल्या रोखीचा आकडा तिन्ही वर्षांसाठी पाहा. शिवाय विक्री, ग्राहकांकडून येणे असलेली रक्कम, एकूण कर्ज आणि यंत्रे-इमारतींवरचा खर्चही इथे द्या.

संथवाचक

पाहिले. धंद्यातून आलेली रोख पहिल्या वर्षी 30, दुसऱ्या वर्षी 12 आणि तिसऱ्या वर्षी उणे 5 कोटी आहे. विक्री 400, 520 आणि 680. वर्षअखेरची येणी 70, 150 आणि 290. यंत्रांवर तीन वर्षांत मिळून 60 कोटी खर्च झाले आहेत आणि कर्ज 50 वरून 140 कोटींवर गेले आहे. हे आकडे ओळीने लिहून काढल्यावर चित्र वेगळे दिसू लागले, परंतु त्याचा अर्थ नीट लावता येत नाही.

ताळेबंद

अर्थ लावू. तीन वर्षांचा नफा 160 कोटी आणि धंद्यातून आलेली रोख 37 कोटी, म्हणजे नफ्याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. उरलेला नफा कुठे आहे? येण्यांकडे पाहा. पहिल्या वर्षी कंपनीला विक्रीचे पैसे यायला साधारण 64 दिवस लागत होते, कारण 70 भागिले 400 गुणिले 365 एवढे येते. दुसऱ्या वर्षी 105 आणि तिसऱ्या वर्षी 156 दिवस.

वाढत्या कंपनीची येणी वाढणारच, त्यामुळे नुसती रक्कम वाढली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. दिवस वाढले की मात्र थांबायचे. 64 दिवसच कायम राहिले असते तर 680 कोटींच्या विक्रीवर येणी सुमारे 119 कोटी असती. प्रत्यक्षात ती 290 आहेत, म्हणजे 171 कोटी जास्त, आणि तीन वर्षांचा सगळा नफा मिळूनही 160 कोटीच आहे. जो नफा पाहून पीई 8 आला, तो बहुतांश ग्राहकांच्या दारात अडकून पडला आहे.

लाभांशाचेही तसेच. 37 कोटी रोख आली, यंत्रांवर 60 आणि लाभांशावर 60 गेले. तूट 83 कोटींची झाली आणि कर्ज 90 कोटींनी वाढले. नियमित लाभांश ही तुमच्या यादीत जमेची बाजू होती, पण इथे तो कर्जातून दिला गेलेला आहे. येण्यांपैकी मोठा भाग बुडीत धरावा लागला आणि खरा नफा 20 कोटींच्या आसपासच निघाला, तर याच भावाला पीई 8 नव्हे, 27 होईल.

माझी स्वतःची रेषा अशी आहे: पाच वर्षांची धंद्यातून आलेली रोख बेरीज करून त्याच काळातल्या नफ्याच्या 75 टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर पुढचा एकही प्रश्न न विचारता कल्पना बाजूला ठेवायची. पाच वर्षे यासाठी की एखादे वर्ष कुणाचेही वाईट जाते. 75 हा आकडा पवित्र नाही, तुम्ही 70 ठेवा, पण आधी लिहून ठेवा.

शरयू

या चर्चेत थोडी भर घालते, कारण हा प्रश्नही फसवला जाऊ शकतो. कंपनी वर्षअखेरीला आपली येणी एखाद्या वित्तसंस्थेला विकून टाकते, तेव्हा दिवस कमी दिसतात आणि रोख वाढलेली दिसते. डिसेंबर 2001 मध्ये दिवाळखोरीत गेलेल्या एनरॉनने तर प्रत्यक्षात कर्ज असलेले व्यवहार आगाऊ विक्रीच्या रूपात मांडून त्यातली रक्कम धंद्यातून आलेली रोख म्हणून दाखवली होती. म्हणून रोख चांगली दिसली तरी येणी विकल्याचा उल्लेख टिपांमध्ये शोधावा. अहवालाच्या शेवटी बारीक अक्षरात छापलेल्या त्या टिपा मी आधी वाचते, अध्यक्षांचे मनोगत नंतर.

उलट बाजूही सांगायला हवी. एखाद्या कंपनीने उशिरा पण खात्रीने पैसे देणाऱ्या मोठ्या ग्राहकांची कामे घेतली असतील तरी दिवस वाढतात. अशा वेळी सहा महिन्यांहून जुनी येणी किती, हा तक्ता टिपांमध्ये मिळतो का ते पाहावे. जुनी येणी फुगत असतील तर मी थांबते. नवीच असतील तर पुढच्या वर्षीच्या अहवालापर्यंत वाट पाहते. वाट पाहण्याने क्वचित एखादी चांगली संधी हुकते, हे मला मान्य आहे.

दीपस्तंभ

माझाही असाच प्रश्न आहे. माझे काका दर महिन्याला 2 टक्के देणाऱ्या एका योजनेत पैसे घालत आहेत आणि त्यांना गेले वर्षभर न चुकता पैसे मिळत आहेत. यात रोख तर प्रत्यक्ष येतेच आहे. मग वरचा नियम लावल्यास ही योजना पास झाली, असे समजायचे का?

ताळेबंद

नाही. काकांच्या खात्यात आलेली रोख आणि योजनेने धंद्यातून कमावलेली रोख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महिना 2 टक्के चक्रवाढीने वर्षाला सुमारे 26.8 टक्के होतात. एवढे देऊन स्वतःसाठीही काही उरवणारा कोणता धंदा ते करतात आणि तो पडताळता येईल असा कागद कुठे आहे, हा तुमचा प्रश्न असायला हवा. 1920 मध्ये बॉस्टनमध्ये चार्ल्स पॉन्झी 45 दिवसांत 50 टक्के देत होता, आणि सुरुवातीच्या लोकांना पैसे खरोखर मिळत होते. टपालाच्या उत्तर-कूपनांच्या व्यापारातून हा नफा येतो असा त्याचा दावा होता. तेवढा नफा व्हायला सुमारे 16 कोटी कूपने लागली असती आणि चलनात होती सुमारे 27,000. हा हिशेब कुणालाही करता आला असता, त्यासाठी त्याच्या वह्या पाहण्याची गरज नव्हती. हिशेबतपासनिसाने तपासलेले आर्थिक अहवाल योजनेने दिलेच नसतील, तर माझ्या यादीत ती पहिल्याच प्रश्नाला बाद होते.

दीपस्तंभ

काका म्हणतात की कागद मागितले तर विश्वास नाही असे दिसेल. तरीही मागून पाहतो.

संथवाचक

सर्वांचे मनापासून आभार. यादी पुन्हा लिहायला घेतली आहे. वर निर्देशांकाच्या फंडाशी तुलना आणि पाच वर्षांच्या रोखीचा प्रश्न ठेवला असून नापासाची रेषा 75 टक्के आहे. त्याखाली येण्यांचे दिवस आणि लाभांश कशातून दिला हे दोन प्रश्न आहेत. व्यवस्थापन चांगले आहे का, हा प्रश्न काढून टाकला, कारण त्याचे उत्तर कोणत्या कागदावर सापडेल हे मला लिहिता येईना. त्याऐवजी हिशेबतपासनीस मुदतीआधी बदलला का, असे विचारले आहे. नवी यादी आधी जुन्या पास झालेल्या कल्पनांवरच चालवून पाहणार आहे, म्हणजे ती काही अडवते की नाही हे कळेल.

एक शंका उरते. आतेभावाचा पुढचा संदेश कर्ज देणाऱ्या एका वित्त कंपनीबद्दल आहे. तिची धंद्यातून आलेली रोख पाचही वर्षे उणे आहे. मग ती सरळ बाद समजावी का?

शरयू

रोखीच्या प्रश्नावरून तरी नाही. कर्ज देणे हाच तिचा धंदा असल्याने नवे कर्जवाटप वाढले की हा आकडा उणेच येतो. तिथे थकीत कर्जांचे प्रमाण आणि त्यासाठी किती तरतूद केली हे पाहावे लागते.

ताळेबंद

सहमत, फक्त थकीत कर्जांवरही पूर्ण भरवसा ठेवू नका. जुने कर्ज फेडायला त्याच ग्राहकाला नवे कर्ज दिले की थकबाकी कागदावर नाहीशी होते, आणि बाहेरून हे ओळखणे मलाही नेहमी जमत नाही. म्हणून माझ्या यादीत वित्त कंपन्यांसमोर मी सध्या एकच शब्द लिहिला आहे: नको. कुणाकडे यापेक्षा चांगली रेषा असेल तर वाचायला आवडेल.