भिंतीतली एचडीएमआय ४के एचडीआर १२० ला झेपते का, हे घरी कळतं की स्टिकरवरच भरवसा?

कोथरूडचा_गेमर: इंटिरियर करताना टीव्हीच्या मागून भिंतीतल्या पाइपातून १० मीटरची एचडीएमआय टाकून घेतली, दुसऱ्या टोकाला कपाटात पीएस५ आहे. ६० वर सगळं मस्त. गेममध्ये १२० चालू केलं की पाच-दहा मिनिटांनी स्क्रीन दोन सेकंद काळी होते, आवाजही जातो, मग आपोआप परत येतं. केबल टाकणारा म्हणतो चित्र येतंय म्हणजे केबल ओके, टीव्हीतच काहीतरी आहे. मेहुणा म्हणाला एचडीआर पिक्चर लावून बघ, अख्खा चालला तर केबल पास. लावला, अख्खा चालला. मग आता केबल पास धरू की नापास? भिंत फोडायच्या आधी सांगा.

बिनधास्त_बंटी: भावा केबल वगैरे काही नसतं, डिजिटल आहे ते, शून्य नाहीतर एक. पोचला तर पूर्ण पोचतो नाहीतर पोचतच नाही. तीनशेची घे नाहीतर तीन हजारांची घे, रंग तेवढेच दिसणार, हे महागड्या केबलचं खूळ दुकानदारांनी काढलंय. टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट मार आणि झोप.

वायरवाला_नाशिक: बंटी, रंगांचं तुझं बरोबर आहे, महाग केबलने काळा जास्त काळा होत नाही. पण "पोचतो नाहीतर पोचत नाही" हे प्रत्येक क्षणाला वेगळं ठरतं रे. केबल अगदी काठावर असेल तर दहा मिनिटं पोचतो आणि दोन सेकंद नाही, म्हणजे ह्यांच्याकडे जे चाललंय तेच. पूर्वीच्या पद्धतीत (१८ जीबीपीएसपर्यंत) सिग्नल मरायला लागला की स्क्रीनवर पांढरे ठिपके चमचमायचे, माणसाला आधीच कळायचं. १२० साठी जी नवी पद्धत वापरतात तिच्यात चुका दुरुस्त करायची सोय आतच आहे, त्यामुळे थोड्या चुका झाल्या तरी तुम्हाला दिसत नाहीत, चित्र स्वच्छच राहतं, आणि चुका हाताबाहेर गेल्या की एकदम काळं.

आता मेहुण्यांची टेस्ट. पिक्चर लावून बघणं म्हणजे रिकामा टेम्पो घाटावरून नेऊन गाडी दहा टन ओढते म्हणण्यासारखं आहे. पिक्चर २४ फ्रेमचा असतो, कन्सोल किंवा प्लेअरने तो २४ वरच पाठवला तर ४के एचडीआर असूनही केबलवर जेमतेम ११ जीबीपीएस जातात. ४के, १२० फ्रेम, १० बिट आणि पूर्ण रंग घेतले तर गणित असं होतं (रिकाम्या कडांसकट एक फ्रेम ४४०० × २२५० पिक्सेलची धरतात):

४४०० × २२५० × १२० × ३० = ३५.६४ अब्ज बिट प्रतिसेकंद

त्यावर पाठवायच्या पद्धतीचा आठवा हिस्सा वाढतो, म्हणजे साधारण ४०. कुठे ११, कुठे ४०. एचडीआरचा बिल्ला स्क्रीनवर आला म्हणजे एवढंच कळलं की ११ गेले.

मीरा_ठाणे: मला घरच्या टेस्टचा नादच पटत नाही. सरळ अल्ट्रा हाय स्पीड सर्टिफिकेट असलेली केबल घ्या, खोक्यावर क्यूआर असलेलं लेबल असतं, HDMI Cable Certification हे ॲप घेऊन स्कॅन करा, खरी असेल तर ॲप सांगतं. लॅबमध्ये यंत्राने ४८ जीबीपीएसला तपासलेली असते. तुम्ही घरी एका गेमवर काय तपासणार? उद्या टीव्ही बदलला की तुमची टेस्ट फुकट.

वायरवाला_नाशिक: ताई, नवीन केबल घेताना तुमचंच ऐकावं, त्यात वाद नाही. पण ह्यांची केबल भिंतीत आहे आणि खोकं दोन वर्षांपूर्वीच भंगारात गेलं असणार. शिवाय लॅबने तपासलेली केबल सरळ होती. ह्यांची पाइपात दोन कोपऱ्यांत वळवून, वायरमनने ओढून आणि टीव्हीमागे दाबून बसवलेली आहे. तुम्ही म्हणता ते दुकानातलं सत्य, मला भिंतीतलं हवंय.

मीरा_ठाणे: ते ठीक. पण १० मीटरची साधी तांब्याची केबल ४८ ला पास होणं मला तरी कठीण वाटतं, मी दुकानात सर्टिफाइड बघितल्या त्या तीन-पाच मीटरच्या आतल्याच. तेव्हा टेस्ट न करताच नापास म्हणते मी.

खारदांडा_७२: माझ्या केबलवर चक्क २.१ छापलंय, तरी सेट टॉप बॉक्स लावल्यावर क्रिकेट बघताना स्क्रीन काळी होते. म्हणजे मलाही केबल बदलावी लागेल का?

वायरवाला_नाशिक: काका, सेट टॉप बॉक्सचा भार एवढा कमी असतो की जुनी केबलही झोपेत नेईल, तुमचा घोळ बहुतेक सैल झालेल्या पिनेचा किंवा बॉक्सचाच असेल, एकदा दोन्ही टोकं काढून घट्ट बसवा. आणि केबलवर २.१ छापलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही, ते नंबर पोर्टचे असतात, केबलला फक्त वर्ग असतो. आवरणावर अल्ट्रा हाय स्पीड छापलंय का तेवढं बघा.

बिनधास्त_बंटी: एवढी चर्चा करण्यापेक्षा तो एलईडीवाला केबल टेस्टर मागवा ना, दोन्ही टोकं लावली की सगळे दिवे पेटतात, संपला विषय.

वायरवाला_नाशिक: तो टेस्टर फक्त तार तुटलीय का जोडलीय एवढंच सांगतो, वेगाबद्दल त्याला कळत नाही. एक गंमत सांगतो, जुन्या पद्धतीत एचडीएमआयच्या चार जोड्यांपैकी तीनवरून चित्र जायचं आणि चौथीवरून क्लॉक, आणि क्लॉक तुलनेने फारच हळू चालतो. म्हणजे चौथी जोडी सुमार असली तरी ४के ६० नीट चालतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. नव्या पद्धतीत २४ जीबीपीएस आणि त्याच्या पुढे चौथ्या जोडीलाही बाकीच्या तिघींइतकंच पळावं लागतं. "६० वर मस्त, १२० वर काळं" ह्यामागे हे सुद्धा असू शकतं, आणि टेस्टरवर ती जोडी हिरवीच दिसणार.

कोथरूडकर, भिंतीला हात लावायच्या आधी एवढं करा. १२० वाला गेम चालू ठेवून पीएसचं बटण दाबा, सेटिंगमध्ये Video Output Information उघडा, तिथे 3840x2160 - 120Hz आणि HDR खरंच दिसतंय का बघा. नुसत्या मेनूत असताना ते ६०च दाखवेल, त्याने फसू नका. मग कन्सोल उचलून टीव्हीजवळ आणा आणि कुणाकडून तरी दोन मीटरची सर्टिफाइड केबल मागून आणून त्याच पोर्टला लावा. तोच गेम, तोच लेव्हल, निदान पाऊण तास. मध्ये साऊंडबार किंवा रिसीव्हर असेल तर तो टेस्टपुरता काढा. अजून एक, टीव्हीच्या सगळ्या पोर्टना १२० जात नाही, आणि त्या पोर्टचं सेटिंग टीव्हीत वेगळं चालू करावं लागतं, नाहीतर उगीच केबलच्या नावाने शिव्या घालाल.

कोथरूडचा_गेमर: केलं काल रात्री. मित्राची दोन मीटरची आणली. 120Hz, HDR आणि YUV422 असं दिसलं, एक तास खेळलो, एकदाही काळी नाही. मग कन्सोल कपाटात परत नेऊन भिंतीतली लावली, बाकी सगळं तेच, सव्वाअकराला पहिला झटका आणि पुढच्या वीस मिनिटांत चार. १२० बंद केलं की गायब. एक विचित्र गोष्ट म्हणजे टीव्हीमागे हात घालून केबल जरा सैल केली, ती फ्रेमखाली काटकोनात दबलेली होती, त्यानंतर अर्धा तास काहीच झालं नाही. मग दोनदा झालं. आणि हे YUV422 काय आहे, पूर्ण रंग नाहीत का येत?

वायरवाला_नाशिक: झालं, टीव्ही आणि कन्सोल दोन्ही सुटले, केबलच आहे. YUV422 चं टेन्शन घेऊ नका, पीएस५ चं आउटपुटच ३२ जीबीपीएसपर्यंतचं आहे म्हणून १२० ला तो रंगांची माहिती थोडी कमी पाठवतो, गेममध्ये सोफ्यावरून फरक कळत नाही. पण इथेच मीराताईंना अर्धा गुण द्यावा लागतो. मित्राची केबल तुमच्याकडे पास झाली ती ३२ ला पास झाली. उद्या ४० पाठवणारा एक्सबॉक्स सिरीज एक्स किंवा पीसी लावलात तर तीच केबल नापास होऊ शकते. जेवढा भार घातला तेवढ्याचीच ग्वाही.

मीरा_ठाणे: अर्धा का, पूर्णच द्या 😄 म्हणूनच म्हणते, स्टिकर.

वायरवाला_नाशिक: स्टिकर असलेली केबल पण बसवून झाल्यावर मी तपासतोच, एकदा माझीच खरी सर्टिफाइड केबल दाराच्या चौकटीत खिळ्याने चेपली होती. तेव्हा अर्धाच.

म्हापसा_प्रोजेक्टर: मी १५ मीटरची फायबरवाली टाकलीय प्रोजेक्टरला, एकदम छान चालते. फक्त ती एकाच दिशेने चालते, एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले असं लिहिलेलं असतं. आमच्या वायरमनने उलटी घातली, चित्रच येईना, सीलिंग परत उघडावं लागलं. टाकायच्या आधी जमिनीवर पसरून चालवून बघा.

बिनधास्त_बंटी: मी अजून म्हणतो वाकली होती म्हणून. सरळ करा, चालेल, फुकटात. फायबर घालून कशाला पैसे घालवता.

वायरवाला_नाशिक: बंटीचं अगदीच चूक म्हणणार नाही. वाकण्याने काठावरची केबल काठाच्या पलीकडे गेली असेल, सैल केल्यावर फरक पडलाच की. पण सैल करूनही दोनदा झालंय म्हणजे ती काठावरच आहे, आणि उन्हाळ्यात टीव्हीमागे तापलं की काय करेल सांगता येत नाही. वाकणं किती आणि लांबी किती, हे बाहेर काढून सरळ पसरून लावल्याशिवाय कळणार नाही.

कोथरूडचा_गेमर: काढायला हरकत नाही पण पाइप पाऊण इंची आहे, दोन कोपरे आहेत, आणि नवीन केबलचं डोकं त्यातून जाईल असं वाटत नाही. जुनी जाताना डोकं आधी घातलं होतं की पाइप नंतर बसवला देवजाणे, केबल टाकणारा फोन उचलत नाहीये.

म्हापसा_प्रोजेक्टर: फायबरमध्ये डोकं सुटं होणारी मिळते, आत छोटी पिन असते ती पाइपातून जाते आणि बाहेर आल्यावर मोठं डोकं जोडायचं. आणि जुनी ओढून काढताना तिच्या शेपटीला नायलॉनची दोरी बांधून मगच ओढा, नाहीतर पाइप रिकामा झाल्यावर दुसरी घालताना अख्खा रविवार जाईल.