संयुक्त पूर्वचा सराव पेपर: कुठल्या घटकाचे किती प्रश्न, आणि सोपे-अवघड किती?

स्नेहल, दादर
आम्ही पाच जण दादरच्या एका अभ्यासिकेत एमपीएससी संयुक्त पूर्वची तयारी करतोय. दर रविवारी आळीपाळीने एक जण १०० प्रश्नांचा पेपर काढतो आणि बाकीचे तो एका तासात सोडवतात. एका रविवारी सगळे पस्तीस-चाळीसवर अडकतात, तर पुढच्या रविवारी सगळे सत्तरच्या वर. यातून कोण कशात कच्चा आहे ते कळत नाही. अभ्यासक्रमात सात घटक दिलेत, पण कशाला किती गुण ते दिलेलं नाही. पेपरचा आराखडा कसा ठरवावा?

ओंकार
मी याच गटातला. माझं मत सरळ आहे: सरावाचा पेपर अवघडच हवा. घरी घाम गाळला की परीक्षेत सोपं जातं. सत्तर गुण देणारा पेपर काढून स्वतःला खूश कशाला करायचं?

विलास सर, परळ
ओंकार, मुख्य परीक्षेबद्दल असं म्हणाला असतास तर वाद घातला नसता. पण पूर्वचे गुण अंतिम यादीत धरत नाहीत, तिथे फक्त कट-ऑफ पार करायचा असतो. तो पार होतो सोप्या आणि मध्यम प्रश्नांवर. वीस अवघड प्रश्नांतले सहा आले काय आणि आठ आले काय, फार फरक पडत नाही. सोप्या तिसातले सात घालवलेस तर मात्र बाहेर. सगळाच पेपर अवघड काढलास तर ही गळती दिसणारच नाही.

स्नेहल, बी.एड.ला आम्हाला प्रश्नपत्रिकेआधी संविधान तक्ता, म्हणजे कुठल्या घटकाचे कुठल्या पातळीचे किती प्रश्न याचा आराखडा, करायला लावायचे. तुम्हीही आधी तक्ता करा, प्रश्न नंतर. गेल्या चार-पाच वर्षांचे आयोगाचे पेपर घ्या, प्रत्येक प्रश्नापुढे घटक लिहा आणि मोजा. आकडे दर वर्षी थोडे हलतात, म्हणून सरासरी घ्या. समजा तुमची मोजणी खालीलप्रमाणे आली आणि सोपे ३०, मध्यम ५०, अवघड २० असं ठरलं:

| घटक | सोपे | मध्यम | अवघड | एकूण |
|---|---|---|---|---|
| इतिहास | ४ | ८ | ३ | १५ |
| भूगोल | ५ | ७ | ३ | १५ |
| राज्यघटना, प्रशासन | ४ | ६ | २ | १२ |
| अर्थव्यवस्था | ४ | ८ | ३ | १५ |
| विज्ञान | ५ | ७ | ३ | १५ |
| चालू घडामोडी | ४ | ६ | ३ | १३ |
| बुद्धिमापन, अंकगणित | ४ | ८ | ३ | १५ |
| एकूण | ३० | ५० | २० | १०० |

तळाची ओळ जुळली म्हणून पेपर संतुलित झाला असं समजू नका. वीसही अवघड प्रश्न विज्ञान आणि अर्थव्यवस्थेत गेले तरी तळाशी २०च दिसतील. मग अर्थव्यवस्थेत कमी गुण पडलेला मुलगा विषयात कच्चा आहे की त्याच्या वाट्याला प्रश्नच कठीण आले, ते सांगता येणार नाही. म्हणून प्रत्येक आडव्या ओळीत तिन्ही पातळ्या हव्यात.

कल्पना, बोरिवली
माझी मुलगी दहावीला आहे. बीजगणिताच्या ४० गुणांच्या पेपरलाही असाच तक्ता करायचा का? क्लासवाले दर वेळी वेगळंच काहीतरी देतात.

विलास सर, परळ
ताई, दहावीला बोर्डानेच प्रश्नांचा साचा ठरवून दिला आहे. कुठला प्रश्न किती गुणांचा हे आधीच माहीत असतं, त्यामुळे तुम्हाला फक्त धडे वाटून घ्यायचे. इथे साचाच आपल्याला शोधायचा आहे.

मंजिरी, ठाणे
तक्ता पटला, पण "अवघड" कोण ठरवणार? पेपर काढणाऱ्याला स्वतःचे प्रश्न सोपेच वाटतात, उत्तर समोर असतं ना.
शिवाय आमच्या गटात अवघड म्हणजे आडबाजूची माहिती असा समज होता. कोणाचं तरी जन्मगाव, कुठल्या तरी अहवालाचं पान. त्यावर पाठांतर मोजलं जातं, बाकी काही नाही. एकाच माहितीवर तिन्ही पातळ्यांचे प्रश्न निघतात. सत्यशोधक समाज घ्या. स्थापना कोणी केली, हा सोपा. परमहंस सभा, प्रार्थना समाज, सत्यशोधक समाज आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटी कालानुक्रमे लावा, हा मध्यम. नुसतं वर्ष विचारलं तरी सगळा खेळ पर्यायांचा असतो. १८२८, १८७३, १९०५, १९२० दिलेत तर अंदाजानेही जमतं. १८६७, १८७०, १८७३, १८७५ दिलेत तर प्रार्थना समाज, सार्वजनिक सभा आणि आर्य समाज यांची वर्षं डोक्यात स्पष्ट असल्याशिवाय हात थरथरतो.

फैजान, कुर्ला
यात वेळ कुणीच धरला नाही. १०० प्रश्नांना ६० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ३६ सेकंद. गणित-बुद्धिमापनाच्या १५ प्रश्नांना सत्तर सेकंदांच्या हिशेबाने साडेसतरा मिनिटं गेली तर उरलेल्या ८५ प्रश्नांना तीसच सेकंद उरतात. त्यात चार विधानांचे प्रश्न आणि जोड्या लावा भरमसाट घातले तर प्रश्न "मध्यम" असूनही पेपर संपत नाही. मी लांबलचक प्रश्नांचा वेगळा रकाना करतो आणि आयोगाच्या पेपरमध्ये ते जितके असतात तितकेच घेतो.

ओंकार
फैजानचं मान्य. माझ्या पेपरात विधानांचे प्रश्न जास्त होते, म्हणून शेवटचे पंधरा-वीस कोणाचे झालेच नाहीत. तरी पातळीबद्दल माझं मत कायम आहे. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. अवघड प्रश्न समोर आल्याशिवाय सोडून द्यायची सवय लागणार कशी?

विलास सर, परळ
त्यासाठीच तक्त्यात २० ठेवले आहेत. मात्र उत्तरपत्रिका तपासताना "चुकला" आणि "सोडला" वेगवेगळे मोजा. अवघड प्रश्नांत चुका जास्त आणि सोडलेले कमी असतील तर तो मोहात पडतो आहे. सोप्यात चुका असतील तर घाई होते आहे किंवा वाचन कच्चं आहे. दोन्हींवरचे उपाय निराळे.

मंजिरी, पातळी लावायचा अधिकार पेपर काढणाऱ्याला देऊच नये. परीक्षा झाल्यावर उत्तरांवरून ठरवावी. चौघांनी सोडवला आणि "सोपा" म्हटलेला प्रश्न एकालाच आला, तर आधी प्रश्न तपासा. बहुधा दोन पर्याय बरोबर निघतात किंवा उत्तरतालिका चुकलेली असते. सगळ्यात हुशार मुलाचा चुकला आणि बाकीच्यांना आला, तरीही तोच संशय घ्या. प्रश्न निर्दोष निघाला तर पातळी बदला आणि पुढच्या तक्त्यात त्याला नव्या रकान्यात धरा.

मंजिरी, ठाणे
सर, चार जणांच्या उत्तरांवरून पातळी ठरवणं मला धाडसाचं वाटतं. एकाने तो धडा आदल्या रात्री वाचला असेल तर सगळं गणित फिरतं. निदान दुसऱ्या एखाद्या गटाशी पेपर बदलून घ्या, म्हणजे आठ-नऊ उत्तरपत्रिका हाती येतील.

स्नेहल, दादर
पेपर बदलायला वडाळ्याचा एक गट तयार आहे. तोवर असं ठरवलंय: एकाने पूर्ण पेपर काढण्याऐवजी प्रत्येकाने एकेक-दोन घटक घ्यायचे आणि स्वतःच्या घटकाचे गुण स्वतःच्या बेरजेत धरायचे नाहीत. मी इतिहास घेतलाय, म्हणजे माझी बेरीज ८५ पैकी. पण बेरजा वेगवेगळ्या झाल्या की आपसात तुलना कशी करायची, टक्के काढून चालेल का?

फैजान, कुर्ला
टक्के नुसते बेरजेचे काढलेस तर फसशील. गणितात तरबेज असलेल्याने गणिताचा भाग काढला की त्याची टक्केवारी उगाच खाली येते. घटकवार तुलना करा आणि प्रत्येक घटकात फक्त तो भाग सोडवलेल्या चौघांचीच.

ओंकार
मग अवघड २० ऐवजी २५ करून एक महिना बघूया. गणिताचा भाग मी काढतो.