अनुभव धागा: तुमचे ड्राफ्ट कुठे गेले?

मोदकवाली, कोपरखैरणे:
गणपतीआधी उकडीच्या मोदकांचे अकरा रील कापून, मजकूर लिहून ड्राफ्टमध्ये ठेवले होते. फोन भरला म्हणून अ‍ॅप काढून लगेच परत टाकलं. लॉगिन झालं, जुन्या पोस्ट होत्या, फॉलोअर होते. ड्राफ्ट मात्र शून्य! तुमचं असं काही झालंय का? लिहा.

घोडबंदरकर:
गूगल बॅकअप चालू नसणार तुमचा. तो चालू ठेवला की सगळं परत येतं.

घणसोलीचा दादा:
सगळं नाही येत हो. अँड्रॉइडच्या त्या बॅकअपमध्ये एका अ‍ॅपला साधारण २५ एमबीच जागा मिळते, आणि अ‍ॅप बनवणारा आपला डेटा त्यातून वगळूही शकतो. अकरा व्हिडिओ त्यात कुठून मावणार?

मी मोबाइल दुरुस्त करतो, महिन्यातून एकदा तरी हे रडगाणं ऐकतो. पोस्ट केलेलं कंपनीच्या सर्व्हरवर जातं. ड्राफ्ट बहुतेक वेळा फोनमध्येच, त्या अ‍ॅपच्या खोलीत पडून असतो. अ‍ॅप काढलं की खोलीच पाडली जाते. ताई, पुढच्या वेळी जागा हवी असेल तर अँड्रॉइडवर फक्त `Clear cache` करा. शेजारचं `Clear storage` दाबलं की अ‍ॅप काढल्यासारखंच. आयफोनवर `Delete App` ऐवजी `Offload App` घ्या, त्यात डेटा राहतो. पण ही सोय त्याच फोनपुरती, नव्या फोनवर काही नेत नाही.

नौपाड्याच्या काकू:
माझे जीमेलचे ड्राफ्ट तर नव्या फोनवर आपसूक आले. तुम्ही पासवर्ड चुकवला असेल.

घणसोलीचा दादा:
काकू, जीमेल ड्राफ्ट सर्व्हरवर ठेवतं, म्हणून आले. कुठलं अ‍ॅप कसं वागतं ते आधीच कळतं: एक फालतू ड्राफ्ट करा आणि घरातल्या दुसऱ्या फोनवर त्याच खात्यानं उघडा. तिथे दिसला नाही तर तो पहिल्या फोनमध्येच आहे असं धरून चाला.

कळवा_लोकल:
मी तर अ‍ॅप काढलंही नव्हतं. गॅलरीतले मूळ व्हिडिओ पुसले, तर ड्राफ्टचं चित्र दिसतं पण उघडला की काळा पडदा. मित्राने तेच केलं, त्याचा मात्र नीट चालतो. कारण अजून कळलेलं नाही.

मोदकवाली, कोपरखैरणे:
दादा, तुमची चाचणी आजच केली, यांच्या फोनवर काहीच दिसलं नाही. म्हणजे गेलेच ते.

आता रील झाला की आधी गॅलरीत उतरवते, मग ड्राइव्हवर. उतरवलेल्यात अ‍ॅपमधलं गाणं गायब होतं, म्हणून गाण्याचं नाव आणि मजकूर वहीत लिहिते. मूळ क्लिपा पोस्ट होईपर्यंत पुसत नाही. सारणाचे दोन रील सासूबाईंच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते, तेवढेच हाती लागले. तेही धुरकट.