‘नावे शिल्लक’ : ही शिल्लक नक्की कोणाची?

भांडीवाला, नाशिक
आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर. एका पतसंस्थेत दहा लाखांचं कॅश क्रेडिट खातं आहे. एप्रिलमध्ये भाचा उतारा घेऊन आला आणि खुशीत म्हणाला, “मामा, शिल्लक पाच लाख अठरा हजार पाचशे पंच्याहत्तर!” उताऱ्याच्या शेवटच्या ओळीत खरंच ३१ मार्चच्या तारखेला ‘नावे शिल्लक ५,१८,५७५’ असं छापलंय. आमच्या वहीत मात्र पाच लाखच आहेत.
फरकाचं नंतर बघू, मला शब्दच कळत नाही. शिल्लक म्हणजे खर्चून उरलेलं. जे आपण देणं लागतो त्याला शिल्लक कसं म्हणायचं? आणि क्रेडिट म्हणजे जमा, मग कॅश क्रेडिट ‘नावे’ कसं पडतं?

निवृत्त शाखाधिकारी
उतारा ही त्यांच्या वहीची नक्कल असते, तुमच्या नाही. त्यांच्या वहीत तुम्ही ऋणको, म्हणून रक्कम तुमच्या नावे. तुमच्या वहीत तेच खातं जमा बाजूला असतं. नावे-जमेच्या दोन्ही बेरजा घालून जो फरक उरतो तो ‘शिल्लक’, मग तो कोणत्याही बाजूचा असो. खिशात उरलेल्या पैशाशी त्याचा संबंध नाही.
आणि कॅश क्रेडिटमधलं क्रेडिट म्हणजे जमा नव्हे, पत. आपण म्हणतो ना, अमक्याची बाजारात पत आहे, तीच ही. तुमच्या मालाकडे बघून संस्थेनं दहा लाखांपर्यंत पत दिली, त्यातले तुम्ही पाच उचलले.

अकरावी-बारावी वाणिज्य
पाठ्यपुस्तकात याला ‘रोख पत’ आणि ओव्हरड्राफ्टला ‘अधिकर्ष’ असे शब्द आहेत. अधि म्हणजे जास्त, कर्ष म्हणजे ओढणं. खात्यात आहे त्याहून जास्त ओढलं तो अधिकर्ष. मुलांना मी हेच शिकवते. भांडीवाले काका, तुमची मंजुरी दहा लाखांची आहे, त्यामुळे ताळेबंदात देणी बाजूला दहा लाख आणि न वापरलेले मालमत्ता बाजूला बँकेत शिल्लक म्हणून दाखवायचे. मग दोन्ही बाजू बरोबर बसतील.

निवृत्त शाखाधिकारी
ताई, शब्द फोडलात छान, पण पुढचं चुकलं. दोन्ही बाजू बसतील, त्यातच तर फसगत आहे. न वापरलेले ४,८१,४२५ हे यांचे पैसे नाहीतच, ती फक्त मुभा आहे. तारण माल कमी झाला तर संस्था ती मुभाही आखडते. त्या मुभेला ताळेबंदात जागा नाही, ना मालमत्तेत ना देण्यात. देणं फक्त उचलीचं.
ठरलेल्या मुदतीचं कर्ज एकदाच सगळं हातात पडतं, तिथे मंजूर रक्कम आणि देणं सुरुवातीला सारखंच असतं. बहुतेक तुमच्या डोक्यात ते असावं.

द्राक्षबाग, पिंपळगाव
उचल म्हणजे आमच्याकडे मजुरांच्या टोळीला आगाऊ देतो ती. बाकी व्याजाचं म्हणाल तर आम्हाला वर्षाला एकदाच लागतं, पीककर्जाला. तुम्हाला मधेच कसं लावलं? भांडून घ्या.

निवृत्त शाखाधिकारी
पीककर्जाचं गणित हंगामाशी बांधलेलं असतं, ते इथे लावू नका. उचल शब्द मात्र दोन्हीकडे एकच आहे, आधी घेतलेलं आणि पुढे फेडायचं.

हिशेबनीस, सातपूर
फरक अठरा हजार पाचशे पंच्याहत्तर म्हणजे मला वास आला. काका, तुमच्या संस्थेत व्याज तिमाही लागतं का? आणि जानेवारीपासून कधी किती उचल होती?

भांडीवाला, नाशिक
हो, तिमाहीच. दर बारा टक्के. जानेवारीभर सहा लाख होते. एक फेब्रुवारीला लग्नसराईच्या मालासाठी अजून दोन उचलले. एक मार्चला तीन भरले, तेव्हापासून पाच.

हिशेबनीस, सातपूर
मग सापडलं. व्याज दहा लाखांवर नाही, रोजच्या उचलीवर लागतं. सहा लाख ३१ दिवस, म्हणजे गुणाकार १८६ लाख. आठ लाख २८ दिवस, २२४ लाख. पाच लाख ३१ दिवस, १५५ लाख. बेरीज ५६५ लाख. तिला १२ ने गुणून ३६,५०० ने भागा, १८,५७५ रुपये आणि वर काही पैसे येतात.
संस्थेनं ते ३१ मार्चला तुमच्या नावे टाकलं. तुमच्या हातून रोख गेली नाही, चेक फाटला नाही, म्हणून भाच्याला कळलंच नाही. नोंद ३१ मार्चचीच करा, व्याज खाते नावे, सीसी खाते जमा. एप्रिलमध्ये उतारा हाती आला म्हणून एप्रिलची तारीख घातलीत तर गेल्या वर्षाचा खर्च या वर्षात शिरेल. आणि एक एप्रिलपासून व्याज पाच लाखांवर नाही, ५,१८,५७५ वर चालू होतं.

निवृत्त शाखाधिकारी
भर घालतो. बँकांनी १ एप्रिल २००२ पासून कर्जाचं व्याज दरमहा आकारायचं, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलं, शेतीकर्ज त्यातून वगळून. त्याआधी आम्हीही तिमाहीच लावायचो. पतसंस्था त्या चौकटीत येत नाहीत. तेव्हा दुसऱ्याचा मासिक उतारा बघून स्वतःचा तपासू नका, मंजुरीपत्र बघा.

हिशेबनीस, सातपूर
काका, अजून एक. संगणकात हे खातं कोणत्या ग्रुपखाली उघडलंय? टॅलीत `Bank Accounts` असेल तर ते मालमत्तेत जातं आणि तिथे उणे पाच लाख दिसतं. खरी जागा `Bank OD A/c`, ते `Loans (Liability)` खाली येतं. ताळेबंद उणे आकड्यानंही जुळतो, म्हणून महिनोन्‌महिने कुणाचं लक्ष जात नाही. चालू खात्यात लाखभर पडलेले असतील तर ते त्या उण्यात विरघळतात आणि कर्ज आहे त्याहून लहान दिसतं.

शब्दवेडा
सगळं खरं, पण ‘नावे शिल्लक’ हा शब्दच बदलावा असं मला वाटतं. ‘देणे बाकी’ लिहा ना सरळ.

निवृत्त शाखाधिकारी
उताऱ्यावर लिहिलं तर ते ‘येणे बाकी’ होईल हो! लिहिणारी संस्था आहे, तिला पैसे यायचे आहेत.

शब्दवेडा
मग ‘उचल बाकी’? उचललेलं आणि अजून न फेडलेलं. कोणाच्याही वहीत चालेल.

अकरावी-बारावी वाणिज्य
‘उचल बाकी’ वाचून मला तर अजून उचलायचं बाकी आहे असंच वाटलं.
बरं, माझीही शंका. चालू खात्यात लाख आहेत आणि मी दीड लाखाचे चेक दिले, पण ते अजून वटले नाहीत. वहीत पन्नास हजार जमा बाजूला गेले. हा अधिकर्ष का?

हिशेबनीस, सातपूर
बँकेनं दिलेलं काहीच नाही, व्याजही नाही, म्हणून मी अधिकर्ष म्हणणार नाही. ३१ मार्चला देण्यातच दाखवतो मात्र.

निवृत्त शाखाधिकारी
वहीपुरता म्हणायला माझी हरकत नाही. बँकेपुरता नाही.

भांडीवाला, नाशिक
ग्रुप `Bank Accounts` च निघाला. भाच्यानं खातं हलवलं, व्याजाची नोंद ३१ मार्चला टाकली. ताळेबंदाची बेरीज बरोब्बर पाच लाखांनी वाढली आणि नफा साडेअठरा हजारांनी उतरला. आता वडील विचारतायत, धंदा वाढला का घटला?